भर उन्हात थांबणारा सोलर

आकाश निरभ्र, पॅनल धुतलेले, ऊन डोक्यावर, आणि नेमका त्याच वेळी भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा लागलेला असतो. पडद्यावर `AC V Outrange` किंवा `OV-G-V` असं काहीतरी येतं. मिनिटा-दोन मिनिटांनी इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, थोडी वीज देतो आणि पुन्हा बंद पडतो. संध्याकाळी मोबाइलवरचा आलेख पाहिला तर दहाच्या सुमारापर्यंत छान चढत गेलेली रेघ त्यानंतर करवतीच्या दातांसारखी वर-खाली झालेली दिसते. ढगाळ दिवशी मात्र हाच इन्व्हर्टर एकदाही न थांबता चालतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं. छतावरचा सोलर शहरांतल्या बंगल्यांपुरता न राहता तालुक्याच्या गावांत आणि मळ्यातल्या वस्त्यांवर पोहोचला. भर उन्हात थांबण्याची ही तक्रारही त्याच्या मागोमाग आली. ग्राहक म्हणतो, ‘इन्व्हर्टर खराब दिला.’ बसवणारा म्हणतो, ‘लाइनीचं व्होल्टेज जास्त आहे.’ वायरमन डीपीवर मीटर लावून सांगतो, ‘इथं तर सगळं बरोबर आहे.’ अनेकदा या तिघांतला कुणीच पूर्ण चुकीचा नसतो. इन्व्हर्टर ठीक असतो, डीपीवरचं व्होल्टेजही मर्यादेत असतं आणि तरीही इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ते मर्यादेबाहेर गेलेलं असतं. हे कसं होतं ते समजलं की उपाय शोधणं बरंच सोपं होतं.

ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बॅटरीच्या इन्व्हर्टरसारखा स्वतःचं व्होल्टेज तयार करत नाही. लाइनीवर जे व्होल्टेज असेल त्याच्याशी ताल जुळवून तो तिच्यात करंट ढकलतो. वीज घराकडून डीपीकडे जायची तर घराकडचं व्होल्टेज डीपीपेक्षा थोडं वरच असावं लागतं. किती वर, हे मधल्या तारेच्या रोधावर आणि करंटवर ठरतं. वीज डीपीकडून घराकडे येते तेव्हा वाटेत व्होल्टेज पडतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. संध्याकाळी लाइनीच्या शेवटच्या घरातला पंखा मंद फिरतो तो त्यामुळेच. सोलरने दिशा उलटली की त्याच तारेवर तेवढंच व्होल्टेज चढतं. म्हणून संध्याकाळी ज्या घरी व्होल्टेज सगळ्यात कमी असतं, त्याच घरी सोलर लावल्यावर दुपारी ते सगळ्यात जास्त होऊ शकतं. ‘आमच्याकडे तर कायम लो-व्होल्टेज असतं, इन्व्हर्टर हाय-व्होल्टेज कसा दाखवतो?’ या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

मर्यादा किती, हेही ठरलेलं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की अशा संचाने दोन सेकंदांच्या आत लाइनीपासून वेगळं व्हायचं असतं. २३० व्होल्टचे ११० टक्के म्हणजे २५३. हा आकडा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. वेगळा झालेला इन्व्हर्टर लाइन स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत थांबतो, मग हळूहळू करंट वाढवतो. कारण तसंच राहिलं असेल तर पुन्हा २५३ ओलांडतो आणि पुन्हा सुटतो. आलेखावरचे करवतीचे दात हेच.

२५३ पर्यंत जागा तरी किती असते? आपल्याकडच्या बहुतेक डीपींवर ‘११ केव्ही/४३३ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं. ४३३ हे दोन फेजमधलं व्होल्टेज. फेज आणि न्यूट्रलमध्ये ते होतं बरोबर २५०. अर्थात हे भार नसतानाचं. भार आला की ते खाली येतं, आणि शेवटच्या खांबावर २३० च्या आसपास काहीतरी मिळावं म्हणून सुरुवातच वरून केलेली असते. वीज एकाच दिशेने वाहत होती तोवर हा हिशेब चोख होता. आता दुपारी गावठाणाच्या फीडरवर भार फारसा नसतो. माणसं शेतात किंवा कामावर, शेतीपंप अनेक ठिकाणी वेगळ्या फीडरवर. डीपीवरचं व्होल्टेज २४०-२४५ पर्यंत जातं आणि इन्व्हर्टरला वर सरकायला जेमतेम दहा व्होल्ट उरतात. जिथे पंप आणि घरं एकाच फीडरवर आहेत तिथे चढउतार आणखी मोठा असतो. पंपांची पाळी संपली, मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज झटक्यात वर येतं.

एक उदाहरण आकड्यांनी सोडवून पाहू. समजा, गावाबाहेरच्या मळ्यातलं एक घर आहे. पाच किलोवॅटचा सिंगल-फेज इन्व्हर्टर गच्चीवर, पॅनलच्या शेजारी बसवला आहे. भर दुपारी तो २० अँपिअर देतो. तिथून खाली मीटरपर्यंत २५ मीटर लांबीची, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. मीटरपासून खांबापर्यंत ३० मीटरची दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर. खांबापासून डीपीपर्यंत २५० मीटरची उघड्या तारांची लाइन, ३० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची, जिला वीज खात्यात ‘वीझल’ म्हणतात.

सिंगल-फेजमध्ये करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून प्रत्येक अंतर दुप्पट धरायचं. गच्चीवरच्या चार चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध जाऊन-येऊन साधारण पाव ओहम भरतो. २० अँपिअरला त्यावर पाच व्होल्ट चढतात. सर्व्हिस वायरवर पावणेचार व्होल्ट. डीपीपर्यंतच्या लाइनीवर नऊ व्होल्ट. एकूण जवळपास अठरा. डीपीवर दुपारी २४२ व्होल्ट असतील, तर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २६० होतील. म्हणजे होणारच नाहीत, कारण २५३ लाच तो सुटेल. डीपीवर मीटर लावणाऱ्या वायरमनला २४२ दिसतात, गच्चीवर उभ्या असलेल्या बसवणाऱ्याला २५३. दोघांचेही आकडे खरे.

याच हिशेबावरून इन्व्हर्टर कधी सुटेल तेही सांगता येतं. २४२ पासून २५३ पर्यंत अकरा व्होल्टची जागा आहे. संपूर्ण वाटेचा रोध ०.८९ ओहम आहे. म्हणजे साधारण बारा अँपिअर, तीन किलोवॅटच्या आसपास. तेवढं ऊन होईपर्यंत संच मुकाट चालतो आणि त्यानंतर अडखळायला लागतो. ढगाळ दिवशी उत्पादन तीन किलोवॅटवर जातच नाही, म्हणून तेव्हा तो थांबत नाही. पाच किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी वीसेक युनिट देतो. दहा ते तीन या वेळात तो नीट चालला नाही, तर त्यातली निम्म्याहून अधिक वीज धोक्यात येते.

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी मोजमाप हवं, आणि ते भर उन्हात हवं. संध्याकाळी तपासायला येणाऱ्या माणसाला काहीच सापडत नाही. एक चांगला मल्टिमीटर आणि जिवंत जोडणीवर काम करण्याची सवय असलेला वीजतंत्री एवढं पुरतं. घरच्यांनी स्वतः मीटरच्या पेटीत हात घालू नये. आधी इन्व्हर्टर बंद ठेवून मीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्यायचं. मग इन्व्हर्टर चालू करून, तो चांगला करंट देत असताना, तेच पुन्हा घ्यायचं आणि लगेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरही घ्यायचं. तिन्ही वेळेला घरातला भार सारखाच ठेवायचा आणि करंट किती होता तेही लिहून ठेवायचं.

आपल्या उदाहरणातल्या घरी दहा अँपिअरला हे आकडे असे येतील: इन्व्हर्टर बंद असताना मीटरवर २४२, चालू असताना मीटरवर २४८ ते २४९, इन्व्हर्टरवर २५१. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे अडीच व्होल्ट, घरातल्या वायरचा. तो ग्राहकाच्या आणि बसवणाऱ्याच्या हातात. पहिल्या दोन आकड्यांतला फरक, साडेसहाच्या आसपास, सर्व्हिस वायर आणि लाइनीचा. तो महावितरणच्या हद्दीतला. आणि इन्व्हर्टर बंद असतानाच २५० च्या वर आकडा दिसला, तर दोष सोलरचा नाहीच. डीपीवरच व्होल्टेज जास्त आहे.

हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा मोजलेला फरक बराच मोठा निघाला, तर कुठेतरी जोड सैल आहे असं धरावं. खांबावर नुसती पिळून बांधलेली वायर, तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावलेला जोड, नीट न आवळलेला एमसीबीचा स्क्रू, काळवंडलेलं टर्मिनल. अशा एका जोडावरसुद्धा चार-पाच व्होल्ट सहज चढतात. तिथे उष्णताही तयार होते, त्यामुळे वास किंवा वितळलेलं प्लास्टिक ही खूण असते. हे आधी दुरुस्त करावं. त्यात आगीचा धोका आहे, उत्पादनाचा प्रश्न नंतरचा.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे न्यूट्रल. डीपीचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सैल झाला की तिन्ही फेजची व्होल्टेजं एकमेकांवर अवलंबून राहतात. एका फेजवर मोठा भार आला की तिथलं व्होल्टेज कोसळतं आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांत दिवे एकदम लख्ख होतात. इन्व्हर्टर अशा वेळी दिवसातून कधीही सुटतो, सकाळच्या कोवळ्या उन्हातही. उन्हाशी संबंध नसलेलं ट्रिपिंग आणि शेजारी-पाजारी दिवे कमी-जास्त होणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर न्यूट्रलचा संशय घ्यावा. तो पूर्ण तुटला तर एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊन टीव्ही, फ्रिज जळतात. तेव्हा मुख्य स्विच बंद करून १९१२ वर लगेच तक्रार करायची.

आता उपाय. सगळ्यात सोपा वाटणारा आधी, कारण तोच सर्रास केला जातो आणि तो चुकीचा आहे. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये शिरून २५३ ची मर्यादा २६५ किंवा २७५ करायची. लाल दिवा जातो, युनिट वाढतात, ग्राहक खूश. पण वायरवरचं व्होल्टेज तिथेच आहे. ते आता घरातला फ्रिज, एलईडी दिवे, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर आणि त्याच खांबावरच्या शेजाऱ्याची उपकरणं रोज पाच तास सोसतात. शिवाय संच ज्या नियमाखाली ग्रिडला जोडला तो मोडला जातो. सेटिंग पाहायचंच असेल तर वेगळ्या कारणासाठी पाहावं: इन्व्हर्टरमध्ये देशाचा कोड निवडायचा असतो, आणि तो भारताऐवजी दुसऱ्याच देशाचा राहिला असेल तर मर्यादा आणि वेळा वेगळ्या असू शकतात. तेवढं दुरुस्त करणं योग्यच.

दुसरा चुकीचा उपाय म्हणजे सोलरच्या वाटेत सर्व्हो स्टॅबिलायझर घालणं. तो लाइनीकडून घराकडे येणाऱ्या विजेसाठी असतो. उलट्या दिशेने वीज जायला लागली की त्याचा हिशेब चुकतो. घरातल्या उपकरणांसाठी तो हवा असेल तर फक्त त्यांच्याच वाटेत बसवावा आणि सोलरची जोडणी त्याच्या बाहेर, मीटरकडच्या बाजूला ठेवावी.

खरा फायदा घरातल्या वायरमध्ये दडलेला असतो. उदाहरणातली चार चौरस मिलिमीटरची वायर काढून दहाची टाकली, तर पाच व्होल्टचे दोन होतात. त्याहून चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच गच्चीवरून काढून मीटरजवळ सावलीत आणणं. मग पंचवीस मीटरची वाट एसीऐवजी डीसी होते. पॅनलच्या माळेचं व्होल्टेज चारशेच्या आसपास असेल तर करंट बारा-तेरा अँपिअरच राहतो, आणि मुख्य म्हणजे डीसीच्या वायरवर पडलेल्या दोन-तीन व्होल्टचा लाइनीच्या व्होल्टेजशी काहीच संबंध नसतो. पाचही व्होल्ट वाचतात. इन्व्हर्टर कुठे बसवायचा हे बहुतेक वेळा वायर कुठून सोयीने जाईल यावर ठरतं. बसवण्याआधीच ग्राहकाने एवढं विचारावं: पूर्ण उत्पादन असताना इन्व्हर्टर ते मीटर या वायरवर किती व्होल्ट चढतील? ऑस्ट्रेलियात ग्राहकाच्या हद्दीतली ही वाढ दोन टक्क्यांत ठेवावी लागते, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास. आपल्याकडे लांब लाइनी पाहता त्याच्या निम्मी धरलेली बरी.

दुपारी घरातच वीज वापरणं हाही उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. दोन किलोवॅटचा गिझर किंवा विहिरीची मोटार दुपारी चालवली, तर बाहेर जाणारा करंट आठ अँपिअरने घटतो. सर्व्हिस वायर आणि लाइन मिळून ०.६४ ओहम आहे. तेवढ्याने पाच व्होल्ट उतरतात. टायमर लावला की रोज लक्ष द्यावं लागत नाही. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टरही हेच करतो, फक्त बराच महाग पडतो, आणि बॅटरी बारा वाजताच भरली तर प्रश्न जिथल्या तिथे येतो. म्हणून ती सकाळीच न भरता दहानंतर भरेल असं वेळापत्रक लावावं लागतं.

नव्या इन्व्हर्टरमध्ये आणखी एक सोय असते, ती बरेचदा बंदच ठेवलेली असते. व्होल्टेज मर्यादेजवळ आलं की एकदम सुटण्याऐवजी इन्व्हर्टर आपलं उत्पादन हळूहळू कमी करतो. तिला ‘व्होल्ट-वॅट’ म्हणतात. आपल्या उदाहरणातला संच मग दहा ते तीन बंद-चालू करत बसणार नाही, तीन किलोवॅटच्या जवळपास स्थिर राहील. दोन किलोवॅट वाया जातात, पण तीन मिळतात. ऑस्ट्रेलियात २०२० च्या मानकाने ही सोय सक्तीची केली. तिथे २५३ व्होल्टला कपात सुरू होते आणि २६० ला उत्पादन पाचव्या हिश्शावर येतं. आपल्या २५३ च्या मर्यादेत बसवायची तर कपात २४८-२४९ पासूनच सुरू करावी लागते. तिची जोडीदार ‘व्होल्ट-व्हार’ सोय रिॲक्टिव्ह पॉवर शोषून व्होल्टेज उतरवते. गावाकडच्या बारीक तारांत रोधच प्रभावी असल्याने लाइनीवर तिचा फायदा एक-दीड व्होल्टचा; पण काठावरच्या केसमध्ये तोही कामी येतो.

थ्री-फेज जोडणी असेल तर चित्रच पालटतं. तेवढीच वीज तीन तारांत वाटली गेली की प्रत्येकीतला करंट तिसरा हिस्सा होतो, आणि तिन्ही फेज समतोल असल्याने न्यूट्रलमधून परतीचा प्रवास जवळपास उरत नाही. म्हणजे व्होल्टेजची वाढ सहाव्या हिश्शावर येते: अठराऐवजी तीन. कागदावर यासारखा उपाय नाही. मात्र शेतीच्या फीडरवरच्या वस्तीवर, जिथे दिवसातले ठरावीक तासच तिन्ही फेज असतात आणि बाकी वेळ एकच, तिथे थ्री-फेज इन्व्हर्टर एक फेज गेल्याबरोबर पूर्ण बंद पडतो. पंपाची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात तो दिवसभर नुसता भिंतीवर राहील. असा इन्व्हर्टर घेण्याआधी दुपारी तिन्ही फेज असतात का, हे वर्षभराच्या अनुभवावरून पाहावं. सिंगल-फेज संचाला त्यापेक्षा साधा पर्याय म्हणजे फेज बदलून घेणं. ज्या फेजवर दुपारी जास्त भार असतो, गिरणी, शाळा, दुकानं असतात, तिथलं व्होल्टेज काही व्होल्टनी कमी असतं. हे काम खांबावरचं, त्यामुळे महावितरणच्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

उरलेलं सगळं महावितरणच्या बाजूचं. नुसतं ‘व्होल्टेज जास्त आहे’ असं लिहिलेल्या अर्जाला बहुधा ‘तपासले, योग्य आढळले’ हे उत्तर मिळतं. नियामक आयोगाच्या कृतिमानकांत लघुदाबाचं व्होल्टेज सहा टक्के वर-खाली चालतं. २३० धरले तर २४४ पर्यंत. डीपीवरचे २४२ त्यात बसतात. म्हणून अर्जात तिन्ही मोजमापं, वेळ, करंट आणि इन्व्हर्टरच्या ॲपमधला आठवड्याचा व्होल्टेजचा आलेख जोडावा आणि मागणी नेमकी करावी: सर्व्हिस वायर जाड करा, खांबावरचे जोड तपासा, फेजचा भार समतोल करा, डीपीचा टॅप पाहा. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपुरात आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ ने ही वाट दिली आहे.

टॅपबद्दल थोडं सविस्तर. मोठ्या डीपींना व्होल्टेज अडीच-अडीच टक्क्यांनी वर-खाली करण्याची सोय असते; लहान डीपींना बरेचदा नसते. एक टप्पा उतरवला की फेजवर सहा व्होल्ट कमी होतात. उदाहरणातल्या घरी डीपी २४२ वरून २३६ ला आली आणि इन्व्हर्टर मीटरजवळ आणून अठराचे तेरा व्होल्ट झाले, तर टर्मिनलवर २४९ राहतील. संच भर उन्हात पूर्ण क्षमतेने चालेल. टॅप बदलण्यासाठी डीपी बंद करावी लागते आणि तो सगळ्या डीपीला एकदम लागू होतो, म्हणून अभियंते त्याला सहज तयार होत नाहीत. त्यांचं म्हणणं रास्त आहे: दुपारचे सहा व्होल्ट उतरले की संध्याकाळचेही उतरतात. त्यामुळे टॅप बदलल्यानंतरच्या संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, लाइनीच्या शेवटच्या खांबावरच्या घरात व्होल्टेज मोजावं. तिथे ते २१६ च्या खाली गेलं असेल तर टॅप पूर्ववत करून लाइनीची तार बदलण्याचा किंवा मध्ये नवी डीपी टाकण्याचा प्रस्ताव मागावा लागतो, आणि त्याला दुपारच्या आलेखाइतकाच संध्याकाळचा हा आकडाही आधार देतो.